पन्नास जादा शेअर

तपासणीत काही जादा निघालं की लोक खूश होतात. मी मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या दोन भावांची छोटी गुंतवणूक कंपनी होती. वडील गेले आणि वाटणी ठरली. म्युच्युअल फंडाची युनिटं आणि चांगल्या कंपन्यांचे शेअर थोरल्याला, कारण आई त्याच्याकडे. एका कापड गिरणीचे शेअर धाकट्याला. मार्चअखेरच्या भावाने दोन्ही वाटे सारखे भरायला हवे होते, आणि ते तपासायचं काम हिशेबतपासनीस म्हणून माझ्याकडे आलं. धाकटा शाळामास्तर, या वाट्याच्या भरवशावर त्याने इंदिरानगरला प्लॉटचा बयाणा दिला होता.

युनिटांचा भाव सरळ होता, फंडाने जाहीर केलेला पुनर्खरेदीचा दर. गिरणी मात्र महिनोन्महिने बंद. तिच्या शेअरला एवढा भाव कुठून आला? थोरल्याने वर्तमानपत्राचं कात्रण पुढे सरकवलं. ‘‘ताई, छापील भाव आहे. आम्ही थोडाच छापतो?’’ गिरणीने जाहीर केलेला, पण कधीच न दिलेला लाभांशही त्याने येणं म्हणून धरला होता. तो मी खोडला, तेव्हा तो नुसता हसला. असा संताप आला! पण छापील भावावर नुसत्या संतापाने काट मारता येत नाही.

कंपनीच्या शेअरची प्रमाणपत्रं बँकेच्या ताब्यात असत. मे महिन्यात धाकट्याला घेऊन तिथे गेले. बँकेच्या दाखल्यातले मार्चअखेरचे आकडे कंपनीच्या वहीशी जुळत होते. तरी प्रमाणपत्रं स्वतः मोजायची, हा माझा हट्ट. गिरणीच्या गठ्ठ्यात पन्नास शेअर जादा निघाले. एप्रिलमध्ये ठेवलेले, पावतीवर थोरल्याची सही. दलालाची चिठ्ठीही सोबतच होती: खरेदी मार्चच्या शेवटच्या दिवशी, दर कात्रणातलाच.

म्हणजे ज्याला कुणी हात लावत नव्हतं तो शेअर थोरल्यानेच चढ्या दराने घेतला होता, त्या एका दिवसापुरता भाव छापून यावा म्हणून. शेअरचा कागद घरात ठेवायचा नाही, ही वडिलांची शिस्त. भावाला फसवतानाही त्याने ती पाळली होती.

धाकट्याने पावती माझ्याकडे परत दिली. ‘‘मॅडम, खरा भाव किती?’’

‘‘जवळजवळ काहीच नाही.’’

‘‘आईला कळेल?’’

‘‘तुम्ही भांडलात तर कळेल.’’

मी अहवालात तो भाव अमान्य केला, कारणासकट. धाकट्याने मात्र कात्रणातल्या भावानेच वाटणीवर सही केली. मी त्याला खूप बोलले. गिरणीचे शेअर विकत घ्यायला कुणी मिळेना, प्लॉटचा बयाणा बुडाला.

सह्या झाल्या त्या दिवशी थोरल्याने ते पन्नास शेअरही आईसमोर धाकट्याच्या हातात ठेवले, वरकड म्हणून. आईने डोळे पुसले.

‘‘बघितलंत ना,’’ ती मला म्हणाली, ‘‘कसा सांभाळून घेतो धाकट्याला.’’

धाकटा वाकून थोरल्याच्या पाया पडला.