वर्तणुकीचा रकाना

इंटर्नशिपचा करार हातात आला की मी तो मागून वाचायला घेते. पुढच्या पानावर सगळा गोडवा असतो, ठळक अक्षरात. पोरं जिथं अडकायची ती ओळ मागे परिशिष्टात असते, आणि तिथली अक्षरं वाचायला चष्मा पुसावा लागतो. इतकी वर्षं झाली तरी माझं डोकं तापायचं थांबलेलं नाही.

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात प्लेसमेंटची एक खोली आहे, तिथं हेच माझं काम. कंपन्यांचे इंग्रजी करार वाचायचे आणि प्लेसमेंट कोऑर्डिनेटर सरांसाठी एका पानाचा सारांश काढायचा. त्यात स्टायपेंड, मुदत, प्रमाणपत्र आणि वर्तणूक असे चार रकाने. प्रत्येक गोष्टीपुढे कलम आणि पान लिहायचं, म्हणजे सरांना मूळ करारात पडताळता येतं. करारात एखादी गोष्ट नसेल तर आपल्या मनानं भरायची नाही, ‘उल्लेख नाही’ असंच लिहायचं. सरांना हे दोन शब्द आवडत नाहीत. ते म्हणतात, ‘‘मॅडम, पोरायले उगीच भेव वाटते.’’ मी म्हणते, वाटू द्या.

मागे एका वर्षी परजिल्ह्यातल्या कारखान्याचा करार आला. स्टायपेंडच्या आकड्याआधी ‘कमाल’ हा शब्द होता, म्हणजे त्याहून कमी दिला तरी कराराला धक्का नाही. मुदत गेटपास मिळाल्यापासून मोजायची आणि गैरहजेरीचे दिवस त्यात धरायचे नाहीत. प्रमाणपत्र कंपनीला काम समाधानकारक वाटलं तरच. आणि वर्तणुकीचं कलम असं, की विभागप्रमुखाच्या आगाऊ लेखी परवानगीशिवाय कामाची जागा सोडली किंवा गैरहजर राहिलं तर ती गैरवर्तणूक. त्याच दिवशी प्रशिक्षण बंद, प्रमाणपत्र नाही. कॉलेजनं पत्र दिलं तर ते फक्त माहितीसाठी धरलं जाईल, परवानगी म्हणून नाही. आमच्याकडे तर प्रमाणपत्राशिवाय इंटर्नशिपचे गुण चढत नाहीत, आणि गुण नाहीत तर डिप्लोमा अडकला.

हे सगळं मी निवड झालेल्या पोरांना बसवून मराठीत वाचून दाखवलं. बाकीचे मोबाईलमध्ये डोकं घालून होते. एक पोरगी मात्र कानात प्राण आणून ऐकत होती. भामरागडच्या अलीकडे जंगलात तिचं गाव, घरी गोंडी बोलतात, आणि त्या गावातून डिप्लोमाला आलेली ही पहिलीच मुलगी. वाचून झाल्यावर तिनं हात वर केला.

‘‘मॅडम, घरी काई झालं तं?’’

मी करार पुन्हा चाळला. आजारपण नाही, मरण नाही, काहीच नाही. मग मी चौथ्या रकान्यात ‘घरातील आजारपण किंवा मृत्यू: उल्लेख नाही’ असं लिहिलं, लाल रेघ मारली आणि सरांकडे गेले. म्हटलं, सही करायच्या आधी एक ओळ घालून घेऊ, अशा वेळी कॉलेजच्या पत्रावर रजा मिळावी म्हणून.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी कपाळ चोळलं. ‘‘मॅडम, मांगच्या खेपेले आपण दोन प्रश्न विचारले, तं एका कंपनीनं जागा दुसऱ्या कॉलेजले देऊन टाकल्या. आता नका ताणू. होत नाई काई.’’

होत नाही काही! मी चिडून फाईल आपटली आणि बाहेर आले. करार तसाच सही होऊन गेला. पोरीनंही सही केली, न करून सांगते कोणाला.

मोहफुलाच्या दिवसांत, एका रविवारी, मी घरी भात टाकत होते. फोन वाजला. पोरीनं घरी देऊन ठेवलेल्या माझ्या नंबरावर तिचा काका बोलत होता, गावाबाहेर टेकाडावर चढून, कारण खाली नेटवर्क नाही. ‘‘बाई, पोरीचा बाप गेला. मोहा वेचाले गेला होता, झाडाखाली बसला तो बसलाच. पोरीचा फोन बंद येते. तिले धाडून द्या, आमी माती थांबवून ठेवतो. पण ऊन लई हाये बाई, उद्यापरेंत थांबन, पुढं नाई.’’

फोन बंद असणारच, रविवारीही तिची पाळी असायची. प्लांटमध्ये मोबाईल नेला तर तीही गैरवर्तणूक, म्हणून ती मुलं फोन गेटवर जमा करतात. हेही माझ्याच रकान्यात होतं. मी गॅस बंद केला आणि गेटचा नंबर लावला. गार्डाच्या हातापाया पडले तेव्हा कुठं तिला बोलावून आणलं.

बाप गेला हे मी तिला फोनवर सांगितलं. दुसरं कोण सांगणार होतं? पलीकडे यंत्रांची घरघर चालूच होती. मग तिनं विचारलं, ‘‘विभागप्रमुख साहेब आज सुट्टीवर हायेत. त्यायची सही कशी भेटन?’’

‘‘सही मरू दे,’’ मी ओरडले. ‘‘तू आत्ताच्या आत्ता निघ. मी पत्र देते, मी भांडते त्यांच्याशी.’’

‘‘तुमच्या पत्रानं जमते का मॅडम?’’

जमत नाही हे मीच तिला वाचून दाखवलं होतं, कलमासकट.

‘‘बाबानं दोन बैल इकून मले इथी धाडलं,’’ ती म्हणाली. ‘‘हा कागद नाई भेटला तं काय तोंड दाखवू?’’ मग गार्डानं फोन घेतला आणि ती आत गेल्याचं सांगितलं.

त्या दुपारी मी कोणाकोणाला फोन केले! विभागप्रमुखाचा बंद. ऑफिसचा उचललाच जाईना. सरांनी मात्र उचलला, ऐकलं, आणि बराच वेळ ‘अरे देवा’ एवढंच म्हणत राहिले. मग तेही फोन लावत बसले, बिचारे. मला त्यांचा इतका राग आला होता की ‘बिचारे’ हा शब्द आज लिहितानासुद्धा जड जातोय.

सोमवारी सकाळी साहेब आले. अर्ज लिही म्हणाले, मग मीटिंगला गेले, दुपारी जेवणानंतर सही केली. माणूस खवट नव्हता म्हणे, सही करताना ‘सॉरी’ म्हणाला. ती तिथून निघाली तेव्हा तिकडे ऊन सोसवेना म्हणून गावानं माती उरकली होती. गडचिरोलीला पोचली तर पुढची बस गेलेली. घरी पोचली तेव्हा अंगणात आई बसली होती, आणि आई तिच्याशी बोलली नाही.

ती परत कामावर गेली. मुदत पुरी केली, गैरहजेरीचे दिवसही भरून दिले. पावसाळा लागल्यावर प्रमाणपत्राची प्रत द्यायला ती माझ्या खोलीत आली. मी कागद घेतला, नेहमीप्रमाणे चार गोष्टी शोधल्या. शिक्का होता, मुदत बरोबर होती. खाली इंग्रजीत होतं, वर्तणूक: उत्तम.

मला ते वाचवेना. मी झेरॉक्स मशीन चालू केलं. मूळ कागद तिला परत दिला, तर ती त्या ओळीवर बोट ठेवून उभीच.

‘‘मॅडम, माय अजून धड बोलत नाई. काल म्हणे, ज्या कागदासाठी बापाच्या मातीले आली नाईस, तो एकडाव वाचून दाखव.’’ तिनं माझ्याकडे बघितलं. ‘‘हे उत्तम म्हणून लिवलं हाये, हे तिले गोंडीत कसं सांगू?’’