छगनरावांचे हात

नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात चाळीस वर्षं जीप चालवणाऱ्या छगनरावांनी बायकोवर कधी हात उचलला नव्हता. एका पहाटे मात्र स्वप्नात बिबट्याला ठोसे मारताना त्यांनी शेजारी झोपलेल्या बायकोचा, बनुबाईंचा, दात पाडला.

नगरला झोपेची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, “स्वप्न पडत असताना मेंदू अंग लुळं ठेवतो. तुमच्या मेंदूतली ती सोय बिघडलीय, म्हणून स्वप्नातली मारामारी हातापायांत उतरते. अशा बऱ्याच जणांना काही वर्षांनी कंपवात होतो, नाहीतर स्मृतिभ्रंश.”

“औशीद हाय ना?” बनुबाईंनी विचारलं.

“लाथाबुक्क्या कमी करायला आहे. पुढचं थांबवायला अजून नाही.”

आता दोघं वेगळ्या खोल्यांत झोपतात. छगनरावांच्या कपातला चहा जरा सांडला, की बनुबाई त्यांच्या हाताकडे बघतात. ते कप ठेवून हात मांडीखाली दाबून बसतात.