काळा म्हणजे फक्त काळा

परभणीत मी डीटीपीचं दुकान टाकलं तेव्हा कामं ठरलेली असायची. लग्नपत्रिका, घटक चाचणीचे पेपर, बियाण्यांच्या दुकानांची हँडबिलं. म्हणून एक दिवस चारठाण्याच्या एक निवृत्त चित्रकला शिक्षिका कापडी पिशवीतून वह्या काढून म्हणाल्या, "याचं पुस्तक करायचंय, रंगीत," तेव्हा मी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. गावातल्या जुन्या देवळांच्या शिल्पांवर त्यांनी वर्षानुवर्षं टिपणं काढली होती. कुठल्या खांबावर कोण नाचतंय, कुणाच्या हातात काय आहे, कुठली मूर्ती झिजून ओळखू येईनाशी झाली आहे, सगळं. फोटोही त्यांनीच काढलेले. माझ्या हातून होणारं ते पहिलंच पुस्तक.

दोन महिने मी त्यात बुडून गेले. मजकूर मी वर्डमध्ये टाइप करून घेतला आणि पानं लावायच्या प्रोग्राममध्ये आणला. प्रत्येक पानाला फिकट बदामी रंगाची जमीन दिली, त्यावर फोटो, फोटोखाली बारीक अक्षरात वर्णन. प्रकरणांची नावं गडद तांबड्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरात. स्क्रीनवर पानं इतकी देखणी दिसायची की मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवायची.

पहिला फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं, छापायला गेला त्या सकाळी बाई चारठाण्याहून एसटीनं आल्या. आम्ही दोघी प्रेसमध्ये उभ्या. मशीनवरचे चाचा आमच्या वडिलांच्या वयाचे, चाळीस वर्षं छपाईत घालवलेले. त्यांनी एक शीट काढून टेबलावर ठेवली. फोटो झकास आले होते. बाईंनी मात्र फोटोखालचं वर्णन वाचायला कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालंय," त्या हळूच म्हणाल्या. "अक्षरं हलल्यासारखी का दिसायलीत?"

मी कागद घेतला. त्यांचे डोळे ठीक होते. प्रत्येक अक्षराला एका बाजूनं गुलाबी आणि दुसऱ्या बाजूनं निळसर सावली होती. अनुस्वार तर पसरट ठिपके झाले होते. 'शंख' आणि 'शख' यांतला फरक कळेना.

"चाचा, मशीन हललंय तुमचं," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि माझ्या हातात दिलं. "बघा ताई. एका अक्षरात किती रंग दिसायलेत?"

मी डोळा लावला. एकच 'म', पण त्यात चार 'म' एकावर एक बसलेले. निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा. प्रत्येक केसाएवढा इकडे तिकडे सरकलेला.

"कागद हाय हा," चाचा म्हणाले. "मशीनमधलं पाणी लागलं की ताणतो, हवेनं आकसतो. चार रंगांच्या चार प्लेटा एका जागी बसवायचा आमी लय प्रयत्न करतो, पण केसभर फरक ऱ्हातोच. फोटोत तो कुणाला दिसत न्हाई. बारीक अक्षर चार रंगांत आलं की मात्र दिसतो. अक्षर एकाच प्लेटवर पायजे, काळ्या. मग कशाशी जुळवायचंच न्हाई. तुमच्या फायलीत बघा."

मशीन थांबलं. येत्या सोमवारी गावच्या देवळात होणाऱ्या पुस्तकाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण बाई सगळ्यांना देऊन बसल्या होत्या आणि आज बुधवार होता. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बघा. मी इथंच बसते."

मी स्कूटी दामटत दुकानात आले. पीडीएफ उघडली आणि रंग वेगवेगळे करून दाखवणारी खिडकी काढली. त्यात चार रंगांपुढे चार चौकटी असतात. नको त्या रंगापुढची खूण काढून टाकली की तो पानावरून नाहीसा होतो. मी काळ्याची खूण काढली. अक्षरं जायला हवी होती. ती गेली नाहीत! करड्या-तपकिरी रंगात ती तशीच उभी होती. अक्षरावर बाण नेला तर काळा नव्वद टक्के आणि बाकी तिन्ही रंग सत्तरच्या आसपास. वर्डमधून आलेला काळा स्क्रीनचा काळा होता. छपाईच्या रंगांत बदलताना त्याचे चार तुकडे झाले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

चूक सापडली याचा मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलेच.

नवा रंग बनवला. निळा शून्य, गुलाबी शून्य, पिवळा शून्य, काळा शंभर. सगळ्या मजकुराला तो दिला, पुन्हा पीडीएफ काढली, काळ्याची खूण काढली. या वेळी अक्षरं गेली, पण त्यांच्या जागी बदामी जमिनीत अक्षरांच्या आकाराची पांढरी भोकं उरली. मी चाचांना फोन लावला.

"मंग ओव्हरप्रिंट लावलं न्हाई तुमी," ते म्हणाले. "खालचा रंग कापून काळा त्या भोकात बसवायलाय ते. जरा सरकला की कडेला पांढरी रेघ दिसंल. काळा सरळ बदामीवर चढू द्या."

मी सगळा मजकूर निवडला आणि ओव्हरप्रिंटवर टिचकी मारली. पुन्हा पीडीएफ, पुन्हा काळा बंद. आता पानावर नुसती सलग बदामी जमीन आणि फोटो. एक भोक नाही. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्या वहिनी "काय झालं?" म्हणत डोकावल्या. "भोकं बुजली!" मी ओरडले. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्याही हसल्या.

पेनड्राइव्ह लावणार तेवढ्यात प्रकरणाचं पहिलं पान समोर आलं. तांबडी पट्टी होती आणि पट्टीवर काहीच नव्हतं. प्रकरणाचं नाव गडप! सगळा मजकूर निवडताना पांढरी अक्षरंही ओव्हरप्रिंट झाली होती. पांढरा म्हणजे चारही रंग शून्य, शाईच नाही. तो तांबड्यावर चढणार काय? पांढरं अक्षर खालचा रंग कापूनच उमटतं. फाइल तशीच गेली असती तर प्रत्येक प्रकरण बिननावाचं छापलं गेलं असतं. मी पांढऱ्या अक्षरांवरचं ओव्हरप्रिंट काढलं आणि मग एकेक पान एकेक रंग बंद करून तपासलं. दुपारचं जेवण राहूनच गेलं.

प्लेटा नांदेडहून करून यायच्या. शुक्रवारी सकाळी प्लेटा आल्या आणि चारठाण्याहून बाईही पुन्हा आल्या. चाचांनी गुलाबी रंगाची प्लेट उजेडात धरून मला दाखवली. तिच्यावर फोटो, जमीन आणि प्रकरणाच्या पट्ट्या होत्या. वर्णनाचं एक अक्षर नव्हतं. सगळी वर्णनं काळ्या प्लेटवर.

मशीन सुरू झालं. पहिल्या काही शीटा चाचांनी बाजूला टाकल्या. मग एक काढून त्यांनी भिंग लावलं आणि ते माझ्याकडे सरकवलं. फोटोच्या कडेला रंग किंचित सरकलेले होतेच. पण त्याखालच्या अक्षराच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या होत्या. अनुस्वार गोल, काळाभोर, एकटा. मला नाचावंसं वाटत होतं. मी खरंच चाचांच्या हाताला धरून दोन उड्या मारल्या आणि मग लाजले.

बाईंनी शीट उचलली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. खांबावरच्या मृदंग वाजवणाऱ्या बाईचं वर्णन होतं ते. मशीनच्या खडखडाटात त्यांचा आवाज पोचेना, तसं चाचांनी मशीन बंद केलं आणि ते हात पुसत जवळ आले.

"आता वाचा बाई," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली परभणीत, पण चारठाण्याला कधी गेलो न्हाई मी. काय काय हाय तिथं?"

बाई चष्मा सावरून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.