नवव्या किलोमीटरनंतरची जमीन

“किती पिकते ते नाही विचारलं मी. कुठं आहे, एवढंच विचारतेय!” सुमनने पोळपाट आपटला.

“इगतपुरीकडं. घोटीच्या पुढं. शंभरदा सांगितलं,” सावळीराम म्हणाला.

“घोटीच्या पुढं मुंबई पण आहे.”

“भिकन म्हणाला, गावाचं नाव फुटलं की दुसरं गिऱ्हाईक पोचतं. इसार दिला की सातबारा हातात देतो.”

“आणि जीपचे पडदे का सोडले होते?”

“धूळ होती गं. तुला सगळ्यात काळंबेरंच दिसतं.”

कोपऱ्यात भागुबाई, सावळीरामची आई, लुगड्याचा काष्टा चोळत बसली होती. “लय गार पानी हाय तिथं,” ती म्हणाली. “पन दगडावर बसवलं मला फोटोपायी, अन् समदा चुना लागला. अजून निघंना.”

या भांडणाला आठवडा झाला होता. सावळीराम एस.टी.त कारकून. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबला आणि दुसऱ्याच्याच बांधावर गेला. गावच्या वतनातल्या चार गुंठ्यांवर सावळीरामचं नाव होतं, म्हणजे कागदोपत्री तो शेतकरी. पण त्या चार गुंठ्यांत धड मिरच्या लावता येत नव्हत्या. आता भिकन नावाच्या दलालाने त्याला दोन एकर भाताची जमीन दाखवली होती, आणि ती घ्यायला इंदिरानगरातल्या या दोन खोल्या विकायच्या होत्या. रविवारी खोल्यांचं गिऱ्हाईक कागद करायला येणार होतं. खोल्या सुमनच्या फंडातून झाल्या होत्या, पण नावावर होत्या सावळीरामच्या. तेव्हा नाव कुणाचं, असं कुणी विचारत नसे. तिनेही विचारलं नव्हतं.

सुमन पाटबंधारे खात्यात ट्रेसर होती. इंजिनियरने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरून शाईने रेघ न् रेघ उतरवायची, हे तिचं चौदा वर्षांचं काम. घरी त्याला रेघोट्या म्हणत.

“फोटो द्या इकडं,” ती म्हणाली.

“फोटोत काय गाव लिहिलंय?”

“द्या म्हटलं ना. निगेटिव्हसुद्धा.”

फोटो बारा होते, स्टुडिओने पत्त्यांसारखे पिसून दिलेले. निगेटिव्हच्या कडेला आकडे असतात. तिने खिडकीशी धरून आकडे वाचले आणि फोटो क्रमाने लावले. चौथ्यात भागुबाई किलोमीटरच्या दगडाशी उभी होती. अर्धा दगड लुगड्याआड, उरलेल्यावर ‘घोटी ९’.

“या दगडानंतर जीप किती चालली?”

“एक विडी संपंस्तोवर,” भागुबाईने सांगितलं. “मंग उतरून वाईच चाललो.”

“झालं! आता विडीवरनं जमीन मोजा,” सावळीराम म्हणाला. “उद्या मला सुट्टी आहे. येतोच तुझ्या ऑफिसात. बघू तुझ्या रेघोट्या.”

शनिवारी तो खरंच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मुख्य ड्राफ्ट्समन रंगनाथराव डबा उघडत म्हणाले, “सुमनबाई, माझं जेवण होईपर्यंत बघा. मूळ नकाशावर पेन्सिल टेकवायची नाही.”

सुमनने नकाशावर पारदर्शक कागद टाकला. घोटीहून नऊ किलोमीटर, असे रस्ते तीन. पाचव्या फोटोत जीपच्या टपावरून विजेच्या उंच तारा जात होत्या. नकाशात त्या तारा एकाच रस्त्याला ओलांडत होत्या, पूर्वेकडच्या.

“दोन रस्ते गेले,” ती म्हणाली.

सहावा फोटो जमिनीवरून काढलेला. पुढ्यात गवतावर सावळीरामच्या डोक्याची लांब सावली पडली होती.

“हा फोटो बिघडला,” तो पुटपुटला.

“हाच तर कामाचा. किती वाजले होते?”

“चार-साडेचार.”

“डिसेंबरात चार वाजता ऊन नैर्ऋत्येकडून येतं. सावली तुमच्या पुढं, म्हणजे तुमचं तोंड ईशान्येला.” समोर एका देवळाचा कळस बरोबर विजेच्या मनोऱ्याच्या दोन पायांमध्ये दिसत होता. मनोरा साधा नव्हता, तारा तिथे वळत होत्या. नकाशात वळण सापडलं, देऊळही सापडलं. दोन्हींतून पट्टी टेकवून तिने रेघ मागे खेचली. “या रेघेवर कुठंतरी तुम्ही उभे होता.”

सावळीराम वाकला.

सातवा ड्रायव्हरने काढलेला. मध्ये सावळीराम, मागे बैलाच्या वशिंडासारखी, दोन्हीकडून सारखी उतरलेली टेकडी, आणि तिच्या उजव्या खांद्यावर लांब कळसूबाईचं टोक. कळसूबाईपासून टेकडीच्या उजव्या खांद्यावरून दुसरी रेघ. दोन्ही रेघा एका माळावर छेदल्या.

सुमन त्या जागेकडे बघत राहिली. मग तिने शेजारची निळी रेघ बोटाने दाखवली. ती तिनेच मागच्या पावसाळ्यात उतरवली होती. “नवं धरण भरलं की पाणी इथवर येणार. आतलं सगळं बुडीत.”

“आणि आपली जमीन?”

“बाहेर.”

“बाहेर! ऐकलंत, रंगनाथराव?” सावळीरामने टेबलावर थाप मारली. “आठवडाभर माझं रक्त आटवलं हिनं! धरणाच्या काठाला जमीन. बारमाही पाणी!”

“टेबल हलवू नका,” रंगनाथराव म्हणाले.

सुमनचे कान तापले. हा माणूस आता जन्मभर हे ऐकवणार. पण नववा फोटो तिच्या हातातून सुटेना. भाताच्या कापणीनंतरची खाचरं, बांधाला बांध लागून. नकाशात तर तिथे खडक आणि झुडपं. माळावर खाचरं कुठून आली? देवळाची रेघ पक्की होती. मग चूक दुसरीत.

तिने सातवा फोटो पुन्हा उचलला. फोटोकडे बघितलं, मग समोरच्या सावळीरामकडे.

“हाच शर्ट होता ना?”

“हाच. का?”

“खिसा कुठल्या बाजूला आहे?”

त्याने छातीवर हात ठेवला. “डाव्या. सगळ्यांचाच असतो.”

“फोटोत तुमच्या उजव्या छातीवर आहे.”

तिने निगेटिव्ह काढली, चकचकीत बाजू स्वतःकडे धरली. कडेचा सात सरळ वाचता आला, आणि आत शर्टाचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर होता. कळसूबाई टेकडीच्या डाव्या खांद्यावर होती. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी घालून फोटो छापला होता.

तिने दुसरी रेघ खोडली आणि डाव्या खांद्यावरून नवी ओढली. छेद पाऊण किलोमीटर पूर्वेला सरकला. खाली नदीकाठ, नकाशात भातजमिनीची खूण, आणि सगळ्याभोवती निळी रेघ.

सावळीरामने बोट ठेवलं, उचललं. “आतच?”

“आत. पण कडेलाच.”

“कडेला म्हणजे वाचेल एखादवेळी. रेघ इकडंतिकडं झाली असेल तुझी.”

“आठवा फोटो बघा. आत्याबाई कशावर बसल्यात?”

“हद्दीचा दगड. भिकन म्हणाला, मालकिणीला बसवा.”

“शेताच्या हद्दीला नवा चुना कोण फासतं? बुडिताची हद्द आखून आमच्या लोकांनी गेल्या महिन्यात दगड रोवलेत. त्यावर बसवलंत तुम्ही आईला. नदी दगडाच्या कुठल्या अंगाला होती?”

“जमिनीच्या अंगाला,” तो कसाबसा म्हणाला.

रंगनाथरावांनी डबा बंद केला. “भूसंपादनाची सूचना निघाली की तिथे खरेदी-विक्री बंद. म्हणून घाई आहे त्या दलालाला.”

घरी जाताना सावळीरामच्या सायकलवर मागे बसून सुमन त्याची पाठ बघत होती. इस्त्री मोडली होती. तिला कीव यायला हवी होती. आली ती चीड. ‘तुझ्या नकाशात बघतेस का?’ एवढं त्याने विचारलं असतं, तर आठवडाभराचं भांडण मिटलं असतं.

भागुबाई दारातच होती. “काय झालं रं? हाय ना जमीन?”

“आहे,” सावळीराम म्हणाला आणि मोरीवर पाय धुवायला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

“तुझ्या बापाला आवडली असती,” भागुबाई त्या आवाजाकडे बघत म्हणाली. “मंग तोंड का पाडलंय त्यानं?”

सुमनने फोटोंचं पाकीट कपाटात खोल्यांच्या कागदांवर ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. सावळीराम पंच्याने पाय पुसत आत आला.

“ती जमीन धरणाच्या पाण्यात जाणार आहे, आत्याबाई. या खोल्या विकायच्या नाहीत,” ती म्हणाली. “गिऱ्हाईकाला उद्या सकाळी मी सांगेन, भिकनला हे सांगतील. आणि सोमवारी खोल्यांवर माझं नाव लावायचा अर्ज करायचा.”

सावळीरामने पंचा खुंटीला अडकवला.

“ताटं घ्या,” ती म्हणाली.