आजोबांच्या कार्डावरची लाल शाई

माझ्या सात वर्षांच्या मुलीनं दुधनीच्या आजोबांच्या वाढदिवसासाठी ड्रॉइंगचा कागद दुमडून कार्ड केलं. वर आजोबांचं चित्र, डोक्याला माझ्या कारखान्यातल्या टॉवेलच्या चिंधीचा फेटा. आत लिहिलं होतं, 'आजोबा, तुमी मला लई आवडता.'

मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे! लाल पेनानं मी 'तुमी'चं 'तुम्ही' आणि 'लई'चं 'खूप' केलं. मग मोठ्या ऐटीत दोन्ही बाजूंचे फोटो काढून वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले.

थोड्याच वेळात त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "बाळा, फेटा लई झाक बसलाय! कार्ड घिऊन ये, कपाटाला लावतो. आन् तुझ्या बापाला सांग, 'तुमी' म्हनायला मीच शिकवलंय तुला."

मी खोडरबर शोधायला लागलो. पेनाची शाई खोडरबरानं जात नाही, हेही मला मुलीनंच सांगितलं.