पन्नासच्या पुढचे गुण

परीक्षा विभागात साखरेची एक काचेची बरणी होती आणि तिच्यावर बाहेरून पेन्सिलीची बारीक रेघ असायची. रोज दुपारी घरी जाताना अवादिया ती रेघ मारायची आणि सकाळी आल्या आल्या साखर रेघेला टेकलीय की खाली गेलीय, हे डोळे बारीक करून बघायची. कोस्ती शहरातल्या त्या शेतकी कॉलेजात ती सत्तावीस वर्षं कारकून होती. लग्न केलं नाही. आलेल्या दोन्ही स्थळांमध्ये तिला काहीतरी लपवाछपवी वाटली, आणि एका बाबतीत तर ती खरीही निघाली.

बरं, बाई जन्मजात अशी नव्हती हो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पोरानं बाप वारल्याचा दाखला आणला होता. बिचारी त्याच्याबरोबर रडली, स्वतःच्या पिशवीतले खजूर त्याला दिले, पेपर पुढे ढकलून दिला. आणि पुढच्याच आठवड्यात तो मेलेला बाप फी भरायला खिडकीत हजर! डोक्यावर पांढरंशुभ्र पागोटं, हातात काठी, वर विचारतोय, "पोरगा अभ्यास करतो ना हो बाई?" त्या दिवसापासून अवादियाच्या डोक्यात जो किडा शिरला तो शिरलाच. तापाचे दाखले, लग्नाचे दाखले, पुराचे दाखले, सगळे ती आधी उजेडात धरायची आणि मगच वाचायची.

पुरवणी परीक्षेचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमादिर तिच्या खिडकीत आली. शेवटच्या वर्षाची मुलगी, अंगभर गुंडाळायचा तोब नीट डोक्यावरून घेतलेला, डोळे मात्र रात्रभर न झोपल्यासारखे.

"खाला, मृदाशास्त्रात मला पन्नास पडलेत."

"मग पेढे वाट. पास झालीस."

"खाला, मी जास्त लिहिलंय. पाचही प्रश्न लिहिलेत."

"अगं, नव्वदचं लिही नाही तर शंभरचं. पुरवणीला पन्नासच्या वर एक गुण मिळत नाही. चार वर्षं काय केलंस इथे?"

"पण माझी पुरवणी नव्हतीच. मी नापास कुठे झाले होते? मोठ्या परीक्षेच्या दिवशी मी मलेरियानं दवाखान्यात होते. माझा बदली पेपर होता. त्याला पूर्ण गुण मिळतात. दाखला मी तुमच्याच हातात दिला होता."

अवादियानं दाखल्यांची नोंदवही काढली, बोट फिरवलं, पान उलटलं, परत बोट फिरवलं. तुमादिर हमदनल्लाह असं नाव कुठेच नव्हतं.

"माझ्या हातात? वहीत नाही तर हातात कुठून येईल? निकाल बघून ताप आठवला होय तुला? चल, हो बाजूला. मागे रांग आहे."

मुलगी हलली नाही. "खाला, आठ विषयांची सरासरी पंचाहत्तर असेल तरच कॉलेजातल्या शिकवणी-सहायकाच्या जागेला अर्ज घेतात. माझे सात विषयांचे पाचशे शेहेचाळीस आहेत. मला फक्त चोपन्न हवेत. चार गुणांसाठी माझी नोकरी जातेय. अर्जाला रविवार शेवटचा आहे." तिचा आवाज फुटला आणि मग ती गेली.

अवादियानं खिडकी लावून घेतली. रडणं तिनं पुष्कळ पाहिलं होतं. पण पोरीनं आकडे मांडले ते तिच्या डोक्यातून जाईनात. खोटं बोलणारं माणूस आकडे असे मांडत नाही, ते आधी आईच्या आजारपणाचं सांगतं. तरीसुद्धा शंका ती शंकाच. तिनं किल्ली घेतली आणि मृदाशास्त्राच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटातून काढला.

आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. गठ्ठ्यात चौदा उत्तरपत्रिका. पहिलीवर एकूण पन्नास. दुसरीवर एक्कावन्न. मग पन्नास, पन्नास, बावन्न, परत पन्नास. अकरा जणांचं असंच. तिनं आतली पानं उलटली. तिसऱ्या नाहीतर चौथ्या प्रश्नापर्यंत लाल शाईच्या खुणा, आणि पुढे पानंच्या पानं कोरी. म्हणजे मुलांनी लिहिलेली, पण लाल शाईचा एक ठिपका नाही!

"हे घ्या," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हातारासुद्धा विकला गेला."

म्हातारा म्हणजे डॉक्टर शर्फुद्दीन. तीस वर्षं माती शिकवलेला माणूस. झाडाखाली चहावालीपाशी आल्याचा चहा पीत बसला होता. अवादिया तोब सावरत तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, न वाचताच पास करायचा भाव काय चाललाय सध्या?"

चहावालीच्या हातातली किटली तिथेच थांबली. म्हातारा मात्र खो खो हसला. "बस अवादिया. आधी चहा घे, मग मला फासावर दे. अगं, पन्नास झाले की मी पेन खाली ठेवतो. पुढे वाचून करू काय? त्यानं ऐंशीचं लिहिलं तरी तू वहीत पन्नासच लिहिणार. माझे डोळे काय फुकटचे आहेत?"

"आणि पन्नासच्या खालचे तीन?"

"ते तर मी दोन-दोनदा वाचलेत! तिथे एकेक गुण मोलाचा. एकाचे मोठ्या परीक्षेत अडतीस होते, आता शेहेचाळीस झाले. पंचेचाळीसच्या वर एकच विषय अडकला असेल तर समिती सांभाळून घेते. सुटला तो. दुसऱ्याचे चव्वेचाळीस होते, पुरवणीत एकेचाळीस आले. त्याचे जुनेच चव्वेचाळीस धरायचे, नव्या पेपरानं नुकसान होत नाही, पण फायदाही झाला नाही बिचाऱ्याला. तिसरा तेहतीसवरून एकोणचाळीसवर आला, तो काही तरत नाही. वाचायचं ते पन्नासपर्यंतच वाचायचं. वरचं सगळं पाण्यात."

अवादियाला म्हाताऱ्याच्या बोलण्यात खोट सापडेना, आणि त्याचाच तिला राग आला. "आणि त्या गठ्ठ्यात एखादा बदली पेपर असला तर?"

म्हाताऱ्याचं हसू मावळलं. "तर त्याच्या नंबरापुढे तशी खूण असते. मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला असता. तू पाठवलेल्या यादीत एकही खूण नव्हती, अवादिया. यादी कोण बनवतं?"

यादी तीच बनवायची.

ती खोलीत परतली आणि टेबलाचे तिन्ही खण जमिनीवर उपडे केले. पिना, शिक्के, वाळलेली शाईची गादी, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या. तळाच्या खणात सर्वात खाली एक खाकी लिफाफा होता आणि त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: "शिक्का फिका. सही संशयास्पद. दवाखान्यात विचारायचं." आत तुमादिरचा दाखला.

तिला सगळं आठवलं. दाखला उजेडात धरला होता, शिक्का अर्धाच उमटलेला, सही कोंबडीनं उकरल्यासारखी. खात्री होईपर्यंत वहीत चढवायचा नाही, हा नियम कॉलेजचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. गुरुवारी दवाखान्यात जायचं ठरवलं आणि त्याच गुरुवारी आईची कंबर धरली. मग याद्या, गठ्ठे, नंबर. लिफाफा राहिला तो राहिलाच. अवादिया खुर्चीत बसली. त्या पोरीला रांगेसमोर खोटारडी ठरवलं होतं तिनं!

मनात आलं, फाडून टाकावा. कोण विचारणार होतं? वहीत नोंद नाही, साक्षीदार नाही. असं मनात आलं हे नाकारण्यात अर्थ नाही, बाई माणूसच होती. पण तिनं लिफाफा पिशवीत घातला आणि उन्हातून चालत दवाखाना गाठला.

तिथला कारकून तिच्यापेक्षा वरचढ. "तुम्ही कोण? कुठून आलात बाई? रुग्णाच्या कोण लागता?"

"कोणी नाही. कॉलेजातून आलेय."

"कॉलेजातून येतं म्हणे कोणी! दाखले विकणाऱ्या टोळीतल्या नाही ना?"

अर्धा तास तिनं स्वतःचं ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं, तेव्हा कुठे त्यानं रजिस्टर उघडलं. तुमादिर हमदनल्लाह, मलेरिया, तीन दिवस दाखल. परीक्षेचा दिवस बरोबर मधला. आणि शिक्का का फिका? तर कारकुनाच्या टेबलावरची शाईची गादी पार कोरडी पडलेली. तो समोरच त्यात थुंकून शिक्के मारत होता.

परीक्षा समितीचे प्रमुख डॉक्टर मुकाश्फी तरुण होते, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि कोणालाही आधी बसा म्हणायचे नाहीत. निकाल लागल्यावर गुण वाढवायला आलेल्या कारकुनाकडे ते बघत राहिले.

"लावलेला निकाल बदलायचा. दोन महिने कुठे नसलेला दाखला आज तुमच्या पिशवीत. आणि मुलीला नेमके चार गुण कमी." ते मागे टेकले. "किती दिले तिनं?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न अवादियानं शंभर जणांना विचारला असेल. तिला आजवर कोणी विचारला नव्हता. तिनं लिफाफा टेबलावरून त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "काही नाही दिलं. मी तिला हाकलून दिलं. दाखला मी दाबून ठेवला, कारण मला तो खोटा वाटला. लिहून देते."

"लिहून दिलंत तर कारवाई होईल."

"कागद द्या."

त्यांनी कागद दिला, पण मुकाट्यानं दिला नाही. दवाखान्यात स्वतः फोन केला, लिफाफ्यावरचं अक्षर तिच्या अक्षराशी ताडून पाहिलं, शर्फुद्दीनना बोलावलं आणि उत्तरपत्रिका आपल्यासमोर वाचायला लावली. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला. चौथा प्रश्न पोरीनं खारट जमिनीवर लिहिला होता आणि पार भरकटली होती. वीसपैकी तीन. एकूण त्रेपन्न. एक गुण कमी! अवादियानं तोबाचा पदर दातांत धरला. पाचवा प्रश्न पाण्याच्या निचऱ्याचा. म्हाताऱ्यानं पान उलटलं, परत मागे गेला, आकृतीवर बोट ठेवून बराच वेळ बघत बसला.

"आकृती सुरेख काढलीय," तो म्हणाला. "गणितात एक पायरी चुकलीय. तेरा."

सहासष्ट. पाचशे शेहेचाळीस अधिक सहासष्ट, भागिले आठ. साडेशहात्तर.

दुरुस्तीच्या कागदावर शनिवारी अधिष्ठात्यांची सही झाली. अवादियाला लेखी ताकीद मिळाली आणि दाखल्यांचं काम तिच्याकडून काढून घेतलं. फलकावर नवा कागद मात्र तिनंच लावला आणि शिपायाला पाठवून तुमादिरला बोलावून घेतलं.

मुलगी आली. स्वतःचा नंबर शोधला, त्यावर बोट ठेवलं, समोरचा आकडा वाचला. बोट न उचलता पुन्हा वाचला. खालची सही बघितली, तारीख बघितली, कागदाचा कोपरा उचलून मागे जुना कागद तर नाही ना तेही बघितलं. अवादिया बाजूला उभी होती. पोरगी हसेल, निदान रडेल, असं तिला वाटलं होतं.

"चूक माझी होती गं," अवादिया म्हणाली. "दाखला माझ्याकडेच होता. माफ कर मला."

तुमादिरनं तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, नुसती पारख होती. ती नजर अवादियानं बरोबर ओळखली.

"उद्या हे बदलणार नाही कशावरून?" मुलगी म्हणाली. "मला तुमच्या सहीनं लिहून द्या, खाला. आणि शिक्का नीट उमटलेला हवा."

अवादिया आत गेली. तिनं कागद लिहिला, सही केली, गादीवर नवी शाई ओतली आणि शिक्का दोन्ही हातांनी दाबून मारला. तुमादिरनं तो कागद घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला.