सी-चार कॉलमचा फोटो

वडील गेले तेव्हा मी रामघाटाजवळच्या एका यात्री निवासाच्या बांधकामावर तपासणीचा इंजिनिअर होतो. मणिकर्णिकेहून घरी आलो आणि आईनं सांगितलं, "आता दहा दिवस सुतक. कामबिम काही नाही, उंबरा ओलांडायचा नाही." बनारसमध्ये आमच्या चार पिढ्या गेल्या, पण घरात अजून कोकणातलेच नियम. मीही ओलांडला नाही. मोबाइल मात्र हातात होता, आणि त्यानंच माझा घात केला.

वडील जाण्याआधीच्या तपासणीत तळमजल्याच्या सी-चार नंबरच्या कॉलमला खाली पोकळ्या सापडल्या होत्या. काँक्रीट नीट दाबलं गेलं नव्हतं, खडी उघडी पडली होती, सळई दिसत होती. रिपोर्टात मी नीट लिहिलं होतं: निरीक्षण, मापाची टेप लावून काढलेला फोटो, आणि दुरुस्ती: सैल भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडून काढणे, न आकसणाऱ्या ग्राउटनं, म्हणजे पातळ सिमेंटच्या मसाल्यानं, भरणे, भरण्याआधी दाखवणे. जबाबदार, ठेकेदार.

सुतकाच्या सातव्या दिवशी ठेकेदाराच्या सुपरवायझरचा फोटो आला. गुळगुळीत राखाडी पृष्ठभाग, जवळून काढलेला. टेप नाही, कॉलमचा नंबर नाही, भरण्याआधीचा फोटो तर नाहीच. आणि मी, गाढव, चटईवर बसल्या बसल्या 'मुद्दा बंद' लिहून मोकळा झालो! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौदाव्या दिवशी साइटवर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता. टेकू लागले होते, सळई बांधून झाली होती. जाता जाता सी-चारवर हातोडी ठोकून पाहिली. पोकळ, डबडब आवाज आला.

छिन्नी मागवली. सुपरवायझर हसत म्हणाला, "पंडितजी, काहे तोड़ रहे हैं? आप ही तो पास किए हैं."

"गप्प बस!" मी मराठीतच ओरडलो. बोटभर सिमेंटचा थर निघाला आणि आतून सिमेंटच्या गोणीचा चुरगळलेला कागद बाहेर आला. पोकळी कागदानं भरून वरून लिंपलं होतं.

वरच्या ओल्या स्लॅबचं सगळं वजन टेकूंवरून खालच्या स्लॅबवर आणि तिथून या कॉलमवर येणार होतं. आणि त्याच तळमजल्यावर, कॉलमपासून चार पावलांवर, मजुरांच्या बायका चुली मांडून बसल्या होत्या. त्यांची अंथरुणंही तिथंच.

आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन केला. "भरणं थांबवा, सर."

"अरे, तुझ्याच सहीनं बंद झालाय तो मुद्दा. आता मालकांना काय सांगू, आमचा माणूस घरी बसून तपासणी करतो? उद्या भरू दे, मग बघू."

"सर, मी हात जोडतो."

"तू दुःखात आहेस. घरी जा." फोन बंद.

मी तिथंच विटांच्या ढिगावर बसलो आणि नवा रिपोर्ट लिहायला घेतला. फोटो एक: सी-चार, नंबर दिसेल असा, टेपसह. फोटो दोन: आतला कागद. फोटो तीन: कॉलमजवळची अंथरुणं. तातडीची कृती: स्लॅब भरू नये, खालचे लोक आत्ताच हलवावेत, कॉलमभोवतीच्या तुळयांना जमिनीपासून टेकू द्यावेत, संरचना अभियंत्यानं पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये. मग कारणाचा रकाना आला. तिथं लिहिलं: 'आधीचा मुद्दा मी जागेवर न येता, अपुऱ्या फोटोवरून बंद केला.' पाठवला, साहेबांना, ठेकेदाराला आणि थेट मालकांच्या ट्रस्टलाही.

तासाभरात ट्रस्टचे सचिव धावत आले. कागद बघताच त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. भरणं थांबलं. बायकांनी शिव्या घालत चुली विझवल्या, भांडीकुंडी गल्लीतल्या देवळाच्या ओट्यावर नेली. साहेबांचा मेसेज आला, 'उद्यापासून येऊ नकोस.' त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच सांगतो.

सचिवांनी माझे हात धरले. "भगवान ने बचा लिया. बस यही एक था न?"

मी मोबाइल उघडला. सुतकाच्या दहा दिवसांत घरबसल्या बंद केलेल्या मुद्द्यांची यादी काढली. सात होते. त्यातले तीन इमारतीच्या पायातले होते, आणि त्यांच्यावर माती टाकून फरशीही झाली होती.

"नाही," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.